सँडविच सुडोकू: १ आणि ९ मधल्या बेरजेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साधा सुडोकू सोडवता येणाऱ्या, पण सँडविच सुडोकूच्या कडेला लिहिलेल्या आकड्यांपाशी अडणाऱ्या वाचकांकडून आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोप्या प्रश्नांपासून सुरुवात आहे. ज्यांना नियम माहीत आहेत त्यांनी थेट प्रश्न ५ वर गेलं तरी चालेल. प्रश्न ९ मध्ये एक उदाहरण पहिल्या पायरीपासून सोडवलं आहे. माझ्या मते या पानावरचा सर्वांत उपयोगी भाग तोच आहे.

शब्द असे वापरले आहेत: एक अंक मावतो ते घर, आडवी ती ओळ, उभा तो स्तंभ, ३×३ ची ती चौकट, आणि शेजारच्या तीन चौकटी मिळून झालेल्या तीन ओळींचा तो पट्टा. १ आणि ९ या दोघांना मिळून ‘टोके’ म्हटलं आहे. ओळीच्या अगदी पहिल्या आणि शेवटच्या घराला ‘कडेचं घर’ म्हटलं आहे. या दोन शब्दांची गल्लत होऊ देऊ नका.

१. सँडविच सुडोकूत साध्या सुडोकूपेक्षा वेगळं काय असतं?

सुडोकूचे सगळे नियम तसेच राहतात. प्रत्येक ओळीत, स्तंभात आणि चौकटीत १ ते ९ एकेकदा यायचे. वेगळेपण एवढंच, की ओळीच्या किंवा स्तंभाच्या बाहेर एक संख्या लिहिलेली असते. त्या ओळीत १ आणि ९ यांच्या मधे जे अंक येतात त्यांची ती बेरीज. समजा ओळ अशी आहे: ४, १, ७, ३, ९, २, ८, ५, ६. इथे १ आणि ९ च्या मधे ७ आणि ३ आहेत, म्हणून बाहेर १० लिहिलं जाईल.

आत दिलेले अंक अगदी थोडे असतात, कधी एखादाच. हा प्रकार २०१९ मध्ये ‘क्रॅकिंग द क्रिप्टिक’ या यूट्यूब वाहिनीमुळे जगभर पसरला.

२. बेरजेत १ आणि ९ धरायचे का? आणि १ आधीच यायला हवा का?

दोन्हींचं उत्तर नाही. १ आणि ९ बेरजेत येत नाहीत, फक्त त्यांच्या मधले अंक येतात. क्रमाचंही बंधन नाही. ९ डावीकडे आणि १ उजवीकडे असला तरी बेरीज तीच राहते. क्रमाची ही मोकळीक पुढे एक गमतीशीर अडचण उभी करते, ती प्रश्न ११ मध्ये पाहा.

३. बाहेर ० लिहिलंय आणि दुसऱ्या ओळीबाहेर काहीच नाही. दोन्हींचा अर्थ एकच ना?

नाही, आणि हे नीट लक्षात ठेवा. ० म्हणजे १ आणि ९ एकमेकांना चिकटून आहेत, मधे एकही घर नाही. ही पक्की माहिती झाली. बाहेर काहीच लिहिलेलं नसेल तर त्या ओळीबद्दल कोड्याने काही सांगितलेलं नाही, तिथली बेरीज काहीही असू शकते. रिकामी जागा ० समजून चाललात तर कोडं हमखास अडकतं, आणि अडकतं ते खूप पुढे गेल्यावर, त्यामुळे कारण सापडत नाही.

४. कोणत्या बेरजा येऊच शकत नाहीत?

१ आणि ३४. मधे येणारे अंक २ ते ८ यांतलेच असतात आणि त्या सातही अंकांची बेरीज ३५ होते. सगळ्यात लहान अंक २, म्हणून १ ही बेरीज होणार नाही. ३४ व्हायला बाहेर १ एवढी बेरीज उरायला हवी, तीही होणार नाही. ० पासून ३५ पर्यंतच्या बाकी सगळ्या बेरजा शक्य आहेत. ३५ म्हणजे सातही अंक मधे आले, म्हणजे १ आणि ९ ओळीच्या दोन कडेच्या घरांत आहेत.

५. बेरजेवरून मधे किती घरं आहेत हे कसं ओळखायचं?

माझ्या दृष्टीने सँडविच सुडोकूचा पाया हाच आहे. बहुतेक जण बेरीज पाहिली की लगेच कोणते अंक बसतील ते लिहायला घेतात. त्याआधी मधे किती घरं असतील ते ठरवा, कारण त्यावरून टोके कुठे बसतील ते कळतं. सँडविच सुडोकू टोकांच्या जागांवरून सुटतो, अंकांच्या जुळवाजुळवीवरून नाही.

मधे तीन घरं असतील तर सर्वांत कमी बेरीज २+३+४ म्हणजे ९, आणि सर्वांत जास्त ६+७+८ म्हणजे २१. बाकीचं याच पद्धतीने काढा:

| मधली घरे | कमीत कमी | जास्तीत जास्त |
|---|---|---|
| १ | २ | ८ |
| २ | ५ | १५ |
| ३ | ९ | २१ |
| ४ | १४ | २६ |
| ५ | २० | ३० |
| ६ | २७ | ३३ |
| ७ | ३५ | ३५ |

तक्ता उलटा वाचला की कामाची गोष्ट हाती येते. २, ३ किंवा ४ असेल तर मधे एकच घर. ५ ते ८ असेल तर एक किंवा दोन. ९ ते १३ ला दोन किंवा तीन. २२ ते २६ ला चार किंवा पाच. २७ ते ३० ला पाच किंवा सहा. ३१, ३२, ३३ ला सहाच. त्रास देतात त्या १४, १५, २० आणि २१ या बेरजा, कारण त्यांना तीन-तीन शक्यता असतात. कोडं सुरू करताना मी या चार बेरजांना हात लावत नाही.

तक्ता पाठ करायची गरज नाही. २+३+४ असं खालून आणि ८+७+६ असं वरून मोजत गेलं की तो बोटांवर तयार होतो.

६. ३१, ३३ असल्या मोठ्या बेरजा आल्या की सहा अंकांच्या जुळण्या कशा मोजायच्या?

मोजूच नका, बाहेर काय उरलं ते पाहा. टोके सोडून सात अंकांची बेरीज ३५, म्हणून टोकांच्या बाहेर पडलेल्या अंकांची बेरीज ३५ वजा क्लू, म्हणजे ओळीबाहेर लिहिलेली संख्या, इतकी असणार. क्लू ३३ असेल तर बाहेर फक्त २. क्लू ३१ असेल तर बाहेर फक्त ४. क्लू २९ असेल तर बाहेर ६ उरतात, म्हणजे एकटा ६, नाहीतर २ आणि ४.

मधे सहा घरं असतील तेव्हा बाहेर राहिलेला एकुलता एक अंक नेहमी कडेच्या घरातच असतो. टोके पहिल्या आणि आठव्या घरात असतील तर तो नवव्यात, आणि टोके दुसऱ्या आणि नवव्या घरात असतील तर तो पहिल्यात. म्हणजे ३३ हा क्लू पाहिल्याबरोबर तुम्ही सांगू शकता, की त्या ओळीतला २ पहिल्या किंवा नवव्या घरात आहे आणि बाकी कुठेही नाही. एकही अंक न भरता सात घरांतून २ बाद झाला.

७. ओळीत १ आधीच दिलेला असेल तर बेरजेचा फायदा कसा घ्यायचा?

मग ९ च्या जागा मोजायच्या. समजा १ चौथ्या घरात आहे आणि बेरीज ११ आहे. तक्त्याप्रमाणे मधे दोन किंवा तीन घरं. उजवीकडे मोजलं तर ९ सातव्या किंवा आठव्या घरात येतो. डावीकडे दोन घरं सोडली की पहिलं घर मिळतं, तीन सोडायला तिकडे जागाच नाही. म्हणून ९ पहिल्या, सातव्या किंवा आठव्या घरात.

यातलं आठवं घर, म्हणजे मधे तीन घरं, हे खरं असेल तर मधे २, ३, ६ किंवा २, ४, ५ हेच येऊ शकतात. दोन्हींत २ आहे. तेव्हा त्या ओळीतला २ दुसऱ्याच कुठल्या घरात पक्का झाला असेल तर आठव्या घरातला ९ बाद झाला. दोन घरांच्या जुळण्यांत, म्हणजे ३ व ८, ४ व ७, ५ व ६ यांत, २ मुळीच येत नाही. कोणत्या जुळणीत एखादा अंक अपरिहार्य आहे आणि कोणत्यात तो येऊच शकत नाही, हे पाहायची सवय लावा.

८. टोके कुठे आहेत ते ठाऊक नसताना काही घरांबद्दल नक्की सांगता येतं का?

येतं, बेरीज मोठी असेल तर. मधे पाच घरं असतील तर टोकांच्या जागा तीनच: पहिलं-सातवं, दुसरं-आठवं, तिसरं-नववं. तिन्हींत चौथं, पाचवं आणि सहावं घर मधेच राहतं. सहा घरं असतील तर तिसऱ्यापासून सातव्यापर्यंतची सगळी घरं मधे. चार घरं असतील तर फक्त पाचवं घर नक्की मधे राहतं. तीन घरं असतील तर एकही घर पक्कं नाही.

म्हणून बेरीज २२ किंवा जास्त असेल तर ओळीच्या बरोबर मधल्या घरात १ किंवा ९ नाही. बेरीज २७ किंवा जास्त असेल तर मधल्या चौकटीच्या तिन्ही घरांत १ किंवा ९ नाही, आणि एक टोक डाव्या चौकटीत, दुसरं उजव्या चौकटीत आहे. हे शेवटचं वाक्य पुढच्या उत्तरात फार कामाला येतं.

९. एकही अंक दिलेला नसताना सुरुवात कशी होऊ शकते? एखादं उदाहरण पूर्ण दाखवा.

पाच क्लू घेऊ. पहिल्या ओळीला ३३, दुसऱ्या ओळीला २९, तिसऱ्या ओळीला ६. पहिल्या स्तंभाला ५, नवव्या स्तंभाला १४. आत एकही अंक नाही. कागद घेऊन बसा आणि प्रत्येक पायरीला थांबून स्वतः पडताळा.

आधी टोकांच्या जागा. ३३ आणि २९ दोन्ही २७ च्या वर आहेत. म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या ओळीचं एक-एक टोक डाव्या चौकटीत आणि एक-एक उजव्या चौकटीत. डाव्या चौकटीत एक १ आणि एक ९ एवढीच दोन टोके मावतात, ती दोन्ही या दोन ओळींनी व्यापली. उजवीकडेही तसंच. मग तिसऱ्या ओळीच्या १ आणि ९ ला जागा उरली ती फक्त मधल्या चौकटीत.

आता तिसऱ्या ओळीची बेरीज ६ पाहा. ती एकट्या ६ ने होते किंवा २ आणि ४ ने. पण दोन अंक मधे बसायचे तर टोके एका चौकटीत मावत नाहीत, चौकट तीनच घरं रुंद आहे. म्हणून मधे एकटा ६. तिसऱ्या ओळीच्या पाचव्या घरात ६ आणि चौथ्या व सहाव्या घरात टोके. पहिला अंक भरला गेला.

पुढची पायरी मला या उदाहरणात सगळ्यात आवडते. मधल्या चौकटीतला २ कुठे आहे? तिसऱ्या ओळीतली त्या चौकटीची तिन्ही घरं १, ६, ९ यांनी भरली. पहिल्या ओळीतला २ बाहेर, म्हणजे कडेच्या घरात आहे (प्रश्न ६). तेव्हा मधल्या चौकटीतला २ दुसऱ्या ओळीत असणार. आणि दुसऱ्या ओळीतली मधल्या चौकटीची घरं कायम टोकांच्या मधे असतात. म्हणजे दुसऱ्या ओळीत २ मधे आहे, बाहेर नाही. २९ साठी बाहेर एकटा ६ किंवा २ व ४ अशा दोन शक्यता होत्या, त्यातली दुसरी गेली. दुसऱ्या ओळीत बाहेर एकटा ६, तोही पहिल्या किंवा नवव्या घरात, आणि मधे सहा घरं.

इथपर्यंत स्तंभांकडे पाहिलंसुद्धा नाही. आता पहिला स्तंभ, बेरीज ५. समजा पहिल्या ओळीच्या पहिल्या घरात टोक आहे. त्याच्या खालचं घर म्हणजे दुसऱ्या ओळीचं पहिलं घर. तिथे टोक असेल, नाहीतर ६. टोक असेल तर स्तंभाची बेरीज ० होते. ६ असेल तर बेरीज किमान ६ होते. ५ कशानेच होत नाही. म्हणून पहिल्या ओळीच्या पहिल्या घरात टोक नाही, तिथे २ आहे, आणि त्या ओळीची टोके दुसऱ्या व नवव्या घरात आहेत. आणखी एक गोष्ट हाती लागली. पहिल्या स्तंभात २ अगदी वरच्या कडेला आहे, तो कशाच्याही मधे येऊ शकत नाही. म्हणून ५ ही बेरीज २ आणि ३ ने होणार नाही, एकट्या ५ नेच होईल.

नववा स्तंभ, बेरीज १४. वरच्या घरात टोक आहे हे आत्ताच कळलं. त्याच्या खाली टोक असतं तर बेरीज ० झाली असती. म्हणून तिथे ६. मग दुसऱ्या ओळीची टोके पहिल्या आणि आठव्या घरात. आता पहिल्या स्तंभात दुसऱ्या घरात टोक आहे, वर २ आहे, म्हणून दुसरं टोक खालीच असणार: तिसऱ्या घरात ५, चौथ्या घरात टोक.

नवव्या स्तंभात १४ मध्ये ६ येतोच. ६ असलेल्या जुळण्या दोनच, ६ व ८ किंवा ३, ५ व ६. पहिली खरी असेल तर खालचं टोक चौथ्या ओळीत येतं. इथे जरा थांबा. डाव्या चौकटीत दोन टोके आहेत, पहिल्या ओळीत दुसऱ्या घरात आणि दुसऱ्या ओळीत पहिल्या घरात, म्हणजे ती वेगवेगळी आहेत. पहिल्या ओळीतली दोन टोकेही वेगवेगळी. तेव्हा पहिल्या स्तंभातलं वरचं टोक आणि नवव्या स्तंभातलं वरचं टोक एकाच अंकाचं आहे. म्हणून त्या दोन स्तंभांची खालची टोकेही एकाच अंकाची. पहिल्या स्तंभाचं खालचं टोक चौथ्या ओळीत आहे, तेव्हा नवव्या स्तंभाचं त्याच ओळीत येऊ शकत नाही. ६ व ८ बाद. मधे ३, ५, ६. तिसऱ्या ओळीत ५ आधीच आहे, म्हणून तिसऱ्या ओळीत नवव्या घरात ३, चौथ्या ओळीत ५ आणि पाचव्या ओळीत टोक.

‘ट’ म्हणजे टोक असं धरून चित्र असं होतं:

```
२ ट . | . . . | . . ट
ट . . | . . . | . ट ६
५ . . | ट ६ ट | . . ३
ट . . | . . . | . . ५
. . . | . . . | . . ट
```

१०. वरच्या उदाहरणातलं लक्षात ठेवण्यासारखं सूत्र कोणतं?

एका पट्ट्यात दोन ओळींच्या बेरजा २७ किंवा त्याहून जास्त असतील तर तिसऱ्या ओळीची टोके मधल्या चौकटीत असतात आणि तिची बेरीज ८ पेक्षा जास्त होऊ शकत नाही. तिसऱ्या ओळीला क्लू दिलेला नसला तरी हे खरं आहे. स्तंभांनाही तसंच लागू. कोडं हातात आलं की मी आधी प्रत्येक पट्ट्यात अशी जोडी आहे का ते पाहते.

एकच अपवाद सांभाळा. २२ ते २६ या बेरजांना हे लागू नाही. तिथे मधे चार घरं असू शकतात आणि टोके पहिल्या व सहाव्या घरात, म्हणजे डाव्या आणि मधल्या चौकटीत, बसू शकतात. २६ ला ‘मोठी बेरीज’ समजून हेच सूत्र वापरणं ही नेहमी होणारी चूक आहे.

११. सगळी टोके सापडली, पण कुठे १ आणि कुठे ९ ते ठरत नाही. माझं काही चुकतंय का?

चुकत नाही. फक्त बाहेरच्या बेरजांवरून ते ठरूच शकत नाही. पूर्ण सुटलेल्या कोड्यात सगळे १ आणि सगळे ९ यांची अदलाबदल करा. ओळी, स्तंभ, चौकटी सगळं नियमात राहतं आणि मधल्या बेरजाही बदलत नाहीत. म्हणजे प्रत्येक उत्तराचं एक जुळं उत्तर असतं.

याचा परिणाम असा, की इतर कुठला नियम नसलेल्या सँडविच सुडोकूचं उत्तर एकच असायचं असेल तर आत दिलेल्या अंकांत किमान एक १ किंवा एक ९ असायलाच हवा. ५ किंवा ७ कितीही दिले तरी हे काम होत नाही, कारण अदलाबदलीत ते जागेवरच राहतात. कर्णांचा नियम जोडला तरी फरक पडत नाही. फरक पडतो तो लहान-मोठ्याची तुलना असलेल्या नियमाने.

सोडवताना सल्ला एवढाच, की दिलेला १ किंवा ९ शोधून ठेवा, पण त्याची घाई करू नका. टोकांच्या जागा ‘ट’ म्हणून भरत राहा. प्रश्न ९ मध्ये केलं तसं ‘हे टोक त्या टोकासारखं, त्याच्यापेक्षा वेगळं’ असा हिशेब ठेवा. एक टोक दिलेल्या अंकाला जोडलं गेलं की बाकीची आपोआप उलगडतात.

१२. ० हा क्लू सोपा वाटतो, पण त्यातून फारसं काही निघत नाही. असं का?

एकट्या ० ला चिकटलेल्या घरांच्या आठ जोड्या उपलब्ध असतात, म्हणून तो सुरुवातीला ढिला वाटतो. तो उपयोगी पडतो दुसऱ्या क्लूच्या सोबतीने. वरच्या उदाहरणात पहिल्या आणि नवव्या स्तंभाचं काम ‘इथे ० होऊ शकत नाही’ यानेच झालं, हे लक्षात आलं असेल.

एका पट्ट्यात तिन्ही ओळींना ० असेल तर मात्र छान माहिती मिळते. समजा एका ओळीची जोडी डाव्या आणि मधल्या चौकटीच्या सीमेवर आहे, म्हणजे टोके तिसऱ्या आणि चौथ्या घरात. डाव्या चौकटीत उरलेलं टोक दुसऱ्या कुठल्या तरी ओळीने द्यायला हवं. त्या ओळीचं दुसरं टोक त्याच चौकटीत मावत नाही, म्हणून तीही जोडी त्याच सीमेवर येते. तिसऱ्या ओळीची जोडी मग उजव्या चौकटीत. थोडक्यात, तिन्ही जोड्या आपापल्या वेगळ्या चौकटीत असतात, नाहीतर दोन जोड्या एकाच सीमेवर आणि तिसरी उरलेल्या चौकटीत. तिसरा प्रकार नाही.

१३. घरांत खुणा कशा कराव्यात? मी सगळे संभाव्य अंक लिहितो आणि गोंधळ होतो.

सुरुवातीला अंक लिहू नका. दोनच खुणा पुरतात: घर नक्की टोक आहे, किंवा घर नक्की टोक नाही. कागदावर टोकाला बारीक गोल आणि टोक नसलेल्या घराला ठिपका. अॅपवर दोन रंग. प्रत्येक चौकटीत दोन गोल, प्रत्येक ओळीत दोन, प्रत्येक स्तंभात दोन, एवढा हिशेब डोळ्यांसमोर राहिला की निम्मं कोडं दिसायला लागतं. अंकांच्या जुळण्या ओळीच्या बाहेर समासात लिहा आणि एखादी बाद झाली की खोडा. २ ते ८ चे संभाव्य अंक घरात लिहायची वेळ टोके जागेवर बसल्यावर येते.

१४. अर्ध्यावर येऊन कोडं फसतं. चूक कुठे झाली ते कसं शोधायचं?

बहुतेक चुका तीन ठिकाणी होतात. एक, घरं मोजताना. मधे तीन घरं असतील तर टोकांच्या क्रमांकांत चारचा फरक असतो, तीनचा नाही. पहिलं घर आणि पाचवं. दोन, एका बाजूनेच मोजताना. ९ उजवीकडे शोधला आणि डावीकडे बसतो का ते पाहिलंच नाही. तीन, एखादी जुळणी राहून जाते. ९ या बेरजेच्या जुळण्या लिहिताना २ व ७, ३ व ६, ४ व ५ सगळ्यांना आठवतात, पण २, ३, ४ ही तीन अंकांची राहते. बरोबर तशीच २६ ला बाहेर २, ३, ४ राहून मधे ५, ६, ७, ८ येणारी शक्यता सुटते.

शोधायची पद्धत अशी. भरलेल्या अंकांकडे पाहू नका, टोकांकडे पाहा. एखाद्या चौकटीत तीन गोल झालेत का, एखाद्या स्तंभात दोन्ही टोके बसवली तर मधली घरं क्लूला पुरतात का, हे तपासा. मग प्रत्येक क्लू ३५ मधून वजा करा आणि बाहेर पडलेले अंक तेवढी बेरीज देतात का ते पाहा. मधली बेरीज दोनदा तपासूनही न सापडलेली चूक बाहेरच्या बेरजेत लगेच दिसते, विशेषतः क्लू मोठा असेल तेव्हा, कारण मग बाहेर कमी अंक असतात.

१५. सगळ्या ओळींच्या बेरजा एकत्र करून काही मिळतं का?

सहसा नाही. ओळींच्या नऊ बेरजांची एकूण किंमत ठरलेली नसते आणि स्तंभांच्या एकूण बेरजेशी ती जुळायला हवी असंही बंधन नाही. तो वेळ पट्ट्यातल्या मोठ्या बेरजांच्या जोडीला द्या (प्रश्न १०).